कीबोर्डचा उजेड आणि टेबलाचे रंग : प्रस्तावना

कामाच्या टेबलावर दोन प्रकारचे रंग एकत्र नांदतात. टेबलाचे लाकूड, त्यावर पसरलेली मॅट, भिंत, मॉनिटरची चौकट आणि कीबोर्डच्या कळांच्या टोप्या, म्हणजे ज्यांना व्यवहारात कीकॅप म्हणतात त्या, यांचे रंग हे पृष्ठभागाचे रंग होत. खोलीतला उजेड त्यांच्यावर पडतो, काही भाग शोषला जातो, उरलेला परत फिरतो आणि डोळ्याला तो रंग म्हणून दिसतो. कळांखालच्या एलईडीचा रंग मात्र कोणाकडून उसना घेतलेला नसतो. तो स्वतःच उजेड असतो आणि खोलीतला दिवा मालवला तरी टिकतो, किंबहुना तेव्हाच तो खरा उठून दिसतो. या दोन वेगळ्या जातींच्या रंगांचा मेळ बसवणे, म्हणजे कीबोर्डच्या मागच्या उजेडाचे विभाग (झोन) आणि त्यावर चालणारे प्रकाशाचे खेळ (इफेक्ट) टेबलाच्या रंगसंगतीशी जुळवणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता हे काम सोपे वाटते, कारण सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा क्रमांक टाकला की कळा त्या रंगाने उजळतात. परंतु मॅटच्या विटकरी रंगाचा क्रमांक जसाच्या तसा टाकल्यावर कीबोर्डवर विटकरी न उमटता फिकट अबोली का उमटते, हे ज्याला एकदा कोडे पडले त्याला या विषयाची खरी अडचण कळलेली असते.

कीबोर्ड उजळण्याची मूळ प्रेरणा शोभेची नव्हती. आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपवर 1990च्या दशकाच्या अखेरीस जो ‘थिंकलाइट’ आला, तो झाकणाच्या वरच्या कडेला बसवलेला एक लहानसा दिवा होता आणि त्याचा उजेड वरून कळांवर पडे. त्याचे काम एवढेच, की अंधारात टंकलेखन करणाऱ्याला अक्षरे दिसावीत. 2003च्या जानेवारीत अॅपलने सतरा इंची पॉवरबुक जी-4 सादर केला, तेव्हा उजेड कळांच्या खाली गेला आणि खोलीतला उजेड मोजणाऱ्या संवेदकाच्या सांगण्यावरून तो आपोआप कमीअधिक होऊ लागला. हा उजेड एकरंगी होता. रंगाचा प्रवेश व्हायचा तर लाल आणि हिरव्याबरोबर पुरेसा प्रखर निळा एलईडी स्वस्तात मिळणे आवश्यक होते, आणि तसा निळा एलईडी 1993मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शूजी नाकामुरा यांच्या कामातून बाजारात आला होता. इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह त्यांना 2014चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच शोधासाठी. कीबोर्डच्या इतिहासातही 2014 हेच वर्ष वळणाचे ठरावे हा एक गमतीचा योगायोग आहे, कारण प्रत्येक कळेखाली स्वतंत्र तिरंगी एलईडी असलेले मेकॅनिकल कीबोर्ड मोठ्या कंपन्यांनी त्याच वर्षी बाजारात आणले.

मधल्या काळात रुजलेली पद्धत विभागांची होती. प्रत्येक कळेला वेगळा एलईडी आणि तो चालवणारे मंडल देणे महाग पडे, म्हणून कीबोर्डचे डावीकडून उजवीकडे तीन, चार किंवा पाच पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याला एकच रंग देण्याची सोय झाली. गेमिंग लॅपटॉपमध्ये ही पद्धत अजूनही सर्वांत जास्त आढळते आणि म्हणूनच या पुस्तकाचा मोठा भाग तिच्याभोवती फिरतो. सर्व विभाग नेहमी उभेच असतात असेही नाही. काही लॅपटॉपमध्ये डावा, मधला आणि उजवा हे तीन विभाग असतात आणि चौथा विभाग म्हणजे खेळात हालचालीसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यू, ए, एस, डी या चारच कळा असतात. ज्याला टेबलाशी मेळ घालायचा आहे त्याने आपल्या यंत्राचे विभाग नेमके कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे आधी पाहावे. त्यासाठी एका वेळी एकच विभाग पांढरा करावा आणि बाकीचे बंद ठेवावेत. वेष्टनावरच्या चित्रापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वसनीय असते.

सौंदर्यदृष्टीच्या बाजूने पाहिले तर या क्षेत्रात चार प्रवाह ओळखता येतात, जरी एकच माणूस आज एका आणि उद्या दुसऱ्या प्रवाहात असू शकतो. पहिला इंद्रधनुषी प्रवाह, ज्यात सर्व रंग कीबोर्डवरून लाटेसारखे वाहत राहतात. पेटीतून काढलेला कीबोर्ड बहुधा याच अवस्थेत सुरू होतो, कारण दुकानातल्या फळीवर यंत्राची सगळी ताकद दिसावी हा त्यामागचा हिशेब असतो. टेबलाशी मेळ घालण्याच्या दृष्टीने हा प्रवाह विषयाच्या बाहेरच आहे, कारण जो सर्व रंग दाखवतो तो कशाशीही जुळत नाही. दुसरा एकरंगी प्रवाह, जो एकच सौम्य रंग स्थिर ठेवतो. तिसरा कीकॅपवाल्यांचा, त्यांच्या दृष्टीने रंगाची खरी जागा प्लास्टिकमध्ये आहे, ते जीएमकेसारख्या जर्मन उत्पादकाचे दुहेरी ओतकामाचे संच घेतात, आणि त्यातले कित्येक उजेड पूर्ण बंद ठेवतात किंवा कीबोर्डच्या तळाशी बसवलेल्या, टेबलावर सांडणाऱ्या उजेडापुरता तो राखतात. चौथा अनुगामी प्रवाह, ज्यात पडद्यावर जे चित्र असेल त्याचे रंग सॉफ्टवेअर सतत टिपते आणि कीबोर्डला पाठवते; दूरचित्रवाणी संचाच्या मागे उजेड पसरवणारी फिलिप्सची ‘अँबिलाइट’ पद्धत याची पूर्वज मानता येईल. प्रस्तुत पुस्तकाचा कल उघडपणे दुसऱ्या प्रवाहाकडे आहे आणि तिसऱ्याकडून ते बरेच काही शिकते.

या प्रवाहांच्या खाली असलेली विद्या मात्र कीबोर्डपेक्षा फार जुनी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजेन शेव्हरल हे पॅरिसच्या गोबलँ या गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगकामाचे प्रमुख असताना काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती त्यांना आढळले, की धाग्याच्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या रंगांमुळे तो फिका दिसत होता. 1839च्या ग्रंथात त्यांनी हा नियम मांडला, ज्याला आज ‘एककालिक विरोध’ म्हणतात आणि ज्याचा साधा अर्थ असा, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात. कीबोर्डवर याचा प्रत्यय रोज येतो. तीन विभाग नारिंगी आणि एक विभाग पांढरा ठेवला, तर तो पांढरा निळसर भासतो. एलईडी बदललेला नसतो, तरी बघणारा तो बिघडल्याचा निष्कर्ष काढतो. उपाय एलईडीत नसून आकड्यात असतो. त्या विभागाच्या पांढऱ्यातला निळा आणि थोडा हिरवा कमी करून त्याला किंचित पिवळसर केले, की तो पांढरा वाटू लागतो. त्यातही लक्षात घ्यावे, की बहुतेक कीबोर्डवर तिन्ही रंगांना 255 दिल्यावर मिळणारा पांढरा मुळातच थंड आणि निळसर असतो. पिवळ्या बल्बच्या खोलीत तो टोचू नये असे वाटत असेल, तर हिरवा निम्म्याच्या खाली आणि निळा त्याहूनही बराच खाली आणावा लागतो.

आता मूळ कोड्याकडे वळावे. पडद्यावरचे रंग ‘एसआरजीबी’ या 1990च्या दशकात ठरलेल्या पद्धतीने लिहिले जातात आणि त्यात लाल, हिरवा व निळा यांचे आकडे 0 ते 255 असतात. हे आकडे उजेडाच्या प्रत्यक्ष मापाशी सम प्रमाणात नसतात. डोळा अंधारातले लहान फरक जास्त ओळखतो म्हणून आकड्यांची शिडी मुद्दाम वाकवलेली असते आणि मॉनिटर ती परत सरळ करून दाखवतो. या वाकवण्याला गॅमा म्हणतात आणि तो साधारण 2.2 धरला जातो. त्यामुळे मॉनिटरवर 128 हा आकडा पूर्ण उजेडाच्या सुमारे 22 टक्केच उजेड देतो. उलट कीबोर्डचा एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद होऊन आपले तेज ठरवतो आणि अनेक कीबोर्डांत 128 या आकड्याचा अर्थ सरळ निम्मा वेळ चालू, म्हणजे निम्मा उजेड, असा घेतला जातो. परिणामी रंगातले जे घटक मंद असायला हवे होते ते अपेक्षेहून कितीतरी प्रखर होतात, ते मुख्य घटकात मिसळतात आणि रंग धुवून निघाल्यासारखा फिका होतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहणे उपयोगी ठरेल, आणि तेच उदाहरण या पुस्तकात पुढेही वारंवार भेटते. सागवानी रंगाचे लॅमिनेट लावलेले टेबल, त्यावर विटकरी मॅट, मॉनिटरवर गडद मोरपंखी रंगाचे चित्र आणि चार उभ्या विभागांचा लॅपटॉप अशी मांडणी घ्यावी. मॅटच्या छायाचित्रावरून टिपलेला रंग `#C8643C` आहे, म्हणजे लाल 200, हिरवा 100, निळा 60. प्रत्येक आकडा पुढील सूत्रातून काढावा:

```
out = round(255 * pow(in / 255.0, 2.2))
```

उत्तरे 149, 33 आणि 11 अशी येतात. मूळ रंगात हिरवा लालच्या निम्मा होता. उजेडाच्या मापात तो लालच्या एक चतुर्थांशाहूनही कमी निघतो, आणि फिकेपणाचे सगळे कारण या तफावतीत आहे. यानंतर पूर्णांकात आणण्यापूर्वीचे तिन्ही आकडे अशा प्रमाणात वाढवावेत की सर्वांत मोठा आकडा 255 होईल, म्हणजे 255, 55 आणि 18, अर्थात `#FF3712`. रंगाची जात आणि शुद्धता या आकड्यात राहते आणि तेज किती ठेवायचे ते सॉफ्टवेअरच्या तेजाच्या पट्टीवर वेगळे ठरवता येते. हा क्रमांक पडद्यावर पाहिला तर भडक शेंदरी दिसतो आणि नवख्याला चुकीचा वाटतो. कीबोर्डवर, तेज एक तृतीयांशाच्या आसपास ठेवल्यावर, तोच मॅटच्या शेजारी शोभतो. आपला कीबोर्ड ही दुरुस्ती स्वतःच करतो की नाही हे ओळखण्याची रीत अशी, की एक विभाग 255च्या आणि शेजारचा 128च्या पांढऱ्याने उजळावा. दोघांत जेमतेमच फरक वाटला तर आकडे सरळ जात आहेत आणि सूत्र वापरावे, परंतु 128चा विभाग ठळकपणे मंद दिसला तर दुरुस्ती आतच झालेली आहे आणि ती दुसऱ्यांदा केल्यास रंग गरजेपेक्षा भडक होईल.

याच ठिकाणी एक मर्यादा स्पष्ट करणे प्राप्त आहे, कारण तिच्यापायी पुष्कळ संध्याकाळी वाया जातात. सागवानी तपकिरी रंग उजेडाने दाखवता येत नाही. तपकिरी म्हणजे उजळ परिसरात बसलेला मंद नारिंगी होय. परिसर काढून घेतला की तपकिरीही जातो, आणि अंधाऱ्या खोलीत एलईडी कितीही मंद केला तरी तो मंद नारिंगीच राहतो. हीच गत आमसुली, गडद मोरपंखी आणि राखाडी यांची आहे. मॉनिटरवरच्या मोरपंखीचा क्रमांक `#1F6F78` असेल तर वरील रीतीने 13, 215 आणि 255 हे आकडे मिळतात, आणि पूर्ण तेजावर हा झगझगीत आकाशी असतो. त्यातला खोलपणा केवळ तेज उतरवूनच आणि तोही अर्धवटच परत मिळवता येतो. म्हणून लाकडाशी जुळवणे याचा अर्थ लाकडाचा रंग कीबोर्डवर आणणे असा होत नाही. लाकडाच्या रंगाचा जो उजेडातला नातलग, म्हणजे केशरी पिवळा, तो निवडून मंद ठेवणे एवढाच तो होतो. या बाबतीत पैठणीच्या विणकराला जे ठाऊक असते ते उपयोगी पडते : उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतल्यावर जो धूपछावी रंग दिसतो, तो दोन्ही धाग्यांपैकी कोणत्याही एकात नसतो.

विभागांचा प्रश्न येथूनच सुरू होतो. बहुतेक नवशिके चार विभागांना चार रंग देतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये चार चौकोन रिकामे दिसतात. परंतु विभाग भिंतींनी वेगळे केलेले नसतात. कळांखालच्या पारदर्शक पत्र्यातून उजेड पसरतो आणि सीमेवर साधारण एका कळेच्या रुंदीत दोन्ही रंग मिसळतात. वरील उदाहरणात तिसरा विभाग विटकरीसाठीचा 255, 55, 18 आणि चौथा मोरपंखीसाठीचा 13, 215, 255 असा ठेवला, तर सीमेवरच्या समसमान मिश्रणाची सरासरी 134, 135 आणि 137 च्या जवळ येते. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे पांढरा. टेबलावर जो रंग कोठेच नाही तो निळसर पांढऱ्या रेघेच्या रूपाने कीबोर्डच्या उजव्या भागात उभा राहतो. हे दोन रंग परस्परपूरक, म्हणजे रंगचक्रावर अगदी समोरासमोर असल्याने असे घडते. विटकरीशेजारी हळदी किंवा डाळिंबी असती तर सीमेवर त्यांच्यामधलाच एखादा उबदार रंग दिसला असता आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. ज्याला दोन्ही टोके हवीतच, त्याने तिसऱ्या विभागाचे तेज एक तृतीयांश आणि चौथ्याचे त्याहून कमी ठेवावे. रेघ नाहीशी होत नाही, पण मंदावते. पुस्तकाचा स्वतःचा कौल मात्र वेगळा आहे. चारही विभागांना एकच विटकरी उजेड द्यावा, हवे तर डावीकडून उजवीकडे तेज थोडे उतरवत न्यावे, आणि मोरपंखीचे काम मॉनिटरवर सोपवावे, कारण तो तेथे आधीच आहे.

या कौलाला क्षेत्रफळाचाही आधार आहे. गृहसजावट करणारे साठ, तीस आणि दहा टक्क्यांचा एक ढोबळ नियम वापरतात, ज्यात मुख्य रंग साठ टक्के जागा घेतो, सहायक तीस आणि उठाव देणारा दहा. 120 सेंटिमीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल टेबलाचे क्षेत्रफळ 7200 चौरस सेंटिमीटर होते आणि 44 बाय 13 सेंटिमीटरचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड त्यातली फक्त आठ टक्के जागा व्यापतो. लॅपटॉपवरचा कळांचा भाग तर पाच टक्क्यांच्या आसपासच असतो. कीबोर्डचा उजेड या हिशेबाने उठाव देणाऱ्या दहा टक्क्यांत येतो आणि त्या इवल्या जागेत आणखी चार रंग कोंबले की उठाव कशाला मिळायचा हेच ठरेनासे होते.

उजेड डोळ्यापर्यंत पोचण्यापूर्वी ज्या प्लास्टिकमधून जातो त्याचाही विचार व्हायला हवा. अक्षरातून उजेड आरपार जाणारे कीकॅप असतील तर रंग अक्षरांत दिसतो. अपारदर्शक जाड कीकॅप असतील तर तो फक्त कळांच्या फटींतून झिरपतो आणि तळपट्टीच्या रंगावर अवलंबून राहतो, म्हणजे पांढरी तळपट्टी तो उजळवते आणि काळी गिळून टाकते. कीबोर्डच्या तळातून टेबलावर पडणारा उजेड तर आणखी परावलंबी असतो, कारण विटकरी मॅटवर निळा उजेड पडला तर मॅटकडे परत पाठवण्यासारखे निळे फारसे नसते आणि तेथे मळकट काळोखी पसरते. फिकट कीकॅपवर दिवसा मंद उजेड लावला की अक्षर आणि टोपी यांच्यातला फरकच नाहीसा होतो आणि अक्षरे वाचता येत नाहीत, ही अडचण क्रीम रंगाच्या सुंदर मांडण्यांत हमखास येते. मराठी वाचकाच्या बाबतीत एक खास गोष्ट आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीने देवनागरी लिहिणारे पुष्कळजण कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावतात, आणि अपारदर्शक स्टिकर लावलेल्या कळेच्या अक्षरातून उजेड बाहेर पडत नाही. मग संपूर्ण अक्षरांचा पट्टा काळा आणि वरची एफ-कळांची ओळ तेवढी उजळलेली असे विचित्र दृश्य दिसते. अशा कीबोर्डवर अक्षरांच्या रंगाचा विचार सोडून फटींतल्या उजेडाचा विचार करावा, हे सांगणारे एक स्वतंत्र प्रकरण पुस्तकात मुद्दाम घातले आहे.

प्रकाशाच्या खेळांविषयी लिहिताना या पुस्तकाचा सूर काहीसा कडक आहे, आणि त्याला कारण आहे. स्थिर रंगात जी रंगसंगती जुळली तीच हलत्या खेळात टिकेल याची हमी नसते, कारण खेळ दोन रंगांमधले अंतर चालून जातो आणि वाटेतले रंग टेबलाच्या संगतीत नसतात. बहुतेक कीबोर्ड हे अंतर रंगचक्राच्या कडेने कापतात. वरचा विटकरी उजेड चक्रावर सुमारे 10 अंशांवर आणि मोरपंखीचा 190 अंशांवर येतो, म्हणजे दोघांत बरोबर अर्धे वर्तुळ असते. एका बाजूने गेल्यास वाटेत पिवळा आणि पोपटी लागतात, दुसऱ्या बाजूने गेल्यास गुलाबी, जांभळा आणि निळा. म्हणून दोन रंगांची लाट हवी असेल तर ते रंग चक्रावर चाळीस-पन्नास अंशांच्या आत असावेत, किंवा लाट रंगाची न ठेवता तेजाची ठेवावी.

‘ब्रीदिंग’ किंवा श्वासासारखे तेज कमीअधिक होणारा खेळ निरुपद्रवी समजला जातो, पण त्यातही एक खोच आहे. 255, 55, 18 हा रंग पाच टक्के तेजावर 13, 3, 1 होतो आणि ठीक दिसतो. दोन टक्क्यांवर 5, 1, 0 होतो आणि त्यातला निळा संपतो. एक टक्क्यावर 3, 1, 0 होऊन तो पिवळसर झुकतो, आणि अगदी शेवटी 1, 0, 0 उरून विझता विझता लाल होतो. आकडे पूर्णांकच असल्याने मंद तेजावर त्यांचे परस्परप्रमाण टिकत नाही. ज्याला श्वास संपताना कळा लाल चमकल्यासारख्या वाटतात त्याने यंत्र दुरुस्तीला देऊ नये; सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास श्वासाची खालची मर्यादा दहा टक्क्यांवर ठेवावी. दाबलेल्या कळेभोवती लहर उठवणारे खेळ आणि वाहत्या लाटा यांना आणखी एक आक्षेप आहे. दृष्टीच्या कडेला रंग नीट ओळखता येत नाहीत, परंतु हालचाल फार पटकन जाणवते. नजर मॉनिटरवर असताना कीबोर्ड नेमका त्या कडेत येतो, म्हणून हलत्या खेळाचा रंग पोचत नाही आणि व्यत्यय तेवढा पोचतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारे खेळ प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना धोक्याचे असू शकतात, त्यामुळे सामायिक खोलीत ते लावूच नयेत.

हा विषय स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने आताच मांडण्याचे कारण तांत्रिक आहे. 2023पर्यंत प्रत्येक कंपनीचा उजेड तिच्या तिच्या सॉफ्टवेअरमधूनच चाले आणि कीबोर्ड एका कंपनीचा व माउस दुसरीचा असेल तर दोन्हींवर एकच रंग आणणे हेच मोठे काम होई. ओपनआरजीबीसारख्या मुक्त प्रकल्पाने ही कोंडी काही प्रमाणात फोडली होती. 2023च्या सप्टेंबरमध्ये विंडोज 11 मध्ये `Settings > Personalization > Dynamic Lighting` हे पान आले आणि समान प्रमाणकाला मान देणारी उपकरणे एकाच ठिकाणाहून चालवता येऊ लागली. त्या पानावर विंडोजच्या मुख्य रंगाशी उजेड आपोआप जुळवण्याची एक खूणही आहे. सोय मोठी आहे, परंतु ती पडद्यासाठी लिहिलेला रंगाचा क्रमांक कळांवर पाठवते, आणि त्या क्रमांकाचे एलईडीवर काय होते ते वर आलेच आहे. सुलभता वाढली तसे कोडेही अधिक लोकांच्या टेबलावर पोचले.

दुसरे कारण खोलीच्या दिव्याचे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत अभ्यासाची किंवा कामाची जागा 6500 केल्व्हिनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या, ट्यूबखाली असते, तर परदेशी मांडण्यांची जी छायाचित्रे पाहून रंग निवडले जातात त्यातली अनेक 2700 केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्यात काढलेली असतात. त्या छायाचित्रांतला केशरी उजेड ट्यूबखाली आणला की तो मातकट दिसतो आणि दोष कीबोर्डला लागतो. शिवाय छायाचित्रातला एलईडीचा रंग प्रत्यक्षातला नसतोच. कॅमेऱ्याने पांढऱ्याचा मेळ खोलीच्या दिव्यावर धरलेला असतो, आणि प्रखर एलईडी कॅमेऱ्याच्या मर्यादेबाहेर जाऊन अक्षरांच्या मधोमध पांढरा पडतो. या पुस्तकातला प्रत्येक मेळ म्हणून ट्यूबखाली, पिवळ्या दिव्याखाली आणि दिवे मालवून अशा तीन स्थितींत तपासून दिला आहे, आणि जो तिन्हींत टिकला नाही तो का टिकला नाही हेही नोंदवले आहे.

पुस्तकाची रचना टेबलाच्या द्रव्यांनुसार आहे. सागवानी आणि अक्रोडी लॅमिनेट, पांढरे टेबल, काळे टेबल, काच आणि दगड अशा पृष्ठभागांपासून प्रत्येक भाग सुरू होतो आणि मग एक विभाग, चार विभाग व प्रत्येक कळ स्वतंत्र अशा तिन्ही प्रकारच्या कीबोर्डांकडे वळतो. चकचकीत काळ्या टेबलाला जास्त पाने लागली आहेत, कारण ते रंग फारसा परतवत नाही पण आरशासारखे वागते आणि कीबोर्डची कड खाली दुसऱ्यांदा दिसते. पांढऱ्या टेबलाचे काम तुलनेने लवकर संपते. फर्मवेअर बदलून स्वतःचे खेळ लिहिणाऱ्यांसाठी एक परिशिष्ट आहे, परंतु त्याच्याशिवाय पुस्तक अपुरे राहत नाही.

छपाईची एक मर्यादा वाचकाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. पुस्तकातले रंगीत नमुने कागदावर शाईने छापलेले आहेत, म्हणजे ते पृष्ठभागाचे रंग आहेत, आणि टेबल, मॅट व भिंत यांच्यासाठी ते शेजारी धरून पाहता येतात. उजेडाचे रंग मात्र कोठेही नमुन्याच्या रूपाने छापलेले नाहीत. ते फक्त तीन आकडे आणि तेजाची टक्केवारी अशा रूपात दिले आहेत, आणि ते पाहण्यासाठी वाचकाला स्वतःचा कीबोर्ड चालू करावा लागेल.